दोस्तानंच आपल्याबद्दल काहीबाही पसरवलंय असं कळलं, तर त्याच्याकडं कसं जायचं

मागच्या वर्षी मे महिन्यात चुलतभाऊ सकाळी सकाळी दारात आला. बसलासुद्धा नाही. म्हणाला, "दादा, तुमचा दोस्त हॉटेलात काय बोललाय माहीत हाय का? म्हणं, तुम्ही बहिणींच्या कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या. धाकटी रडत होती म्हणं."

आधी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमचं गाव औसा तालुक्यात. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. वडील, म्हणजे आमचे आबा, कार्तिकात गेले. मागं सहा एकर शेत, मी आणि दोन बहिणी. मेच्या सुट्टीत बहिणी आल्या, तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्र नोंदवलं आणि तलाठ्याकडं फेरफाराला दिलं. (बहिणींना काय दिलं ते इथं सांगत नाही, तो त्यांचा विषय आहे.) त्या कागदावर दोन साक्षीदार होते. त्यातला एक हाच दोस्त, पहिलीपासून एका बाकावर बसलेला. साक्षीदारच बोलतोय म्हटल्यावर लोक खरं मानणारच. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीला 15 दिवस असतात. त्या 15 दिवसांतच ही बातमी निलंग्याकडं धाकटीच्या सासरी पोचली आणि धाकट्या दाजींचा फोन आला, "सर, आम्ही हरकत घ्यावी का?"

त्यानंतरच्या आठवड्यात मी दोन चुका केल्या आणि बऱ्याच गोष्टी बरोबर केल्या, त्यातल्या काही नशिबानं. तुमच्यावर अशी वेळ आली तर निदान त्या दोन चुका टळाव्यात म्हणून हे क्रमानं लिहितोय.

जवळ काय असावं

- वहीचं एक पान आणि पेन. मोबाइलमध्ये टिपू नका, रागात ते कुणालातरी पाठवलं जातं.
- बातमी सांगणाऱ्या माणसाशी पुन्हा एकदा, शांतपणे, दहा मिनिटं बोलणं.
- दोस्तासोबत दीड-दोन तास, मध्ये कुणी न येणारे.
- तोंडपाठ केलेलं पहिलं वाक्य. बाकीचं आपोआप येतं, पहिलं येत नाही.
- गटावरच्या मेसेजवरून प्रकार झाला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट, पण तो घरीच ठेवायचा.

साक्षीला तिसरा माणूस नको. खिशात चालू ठेवलेलं रेकॉर्डिंग नको. हक्कसोडपत्राची प्रतही मी घरी ठेवूनच गेलो. कागद काढला की समोरच्याला आपण कोर्टात उभे आहोत असं वाटतं, आणि मग तो वकिलासारखाच बोलतो.

1. आधी बातमी उलटी चालत जा

बातमी आपल्यापर्यंत आली त्याच वाटेनं मागं जायचं. चुलतभावाला मी दुसऱ्या दिवशी चार गोष्टी विचारल्या. तू स्वतः ऐकलंस का? नेमके शब्द काय होते? कुणी विचारलं म्हणून तो बोलला, की आपणहून? तिथं आणखी कोण होतं?

पहिल्याच प्रश्नाला उत्तर आलं, "नाही, मी सलूनमध्ये ऐकलं." सलूनवाल्यानं हॉटेलात बसलेल्या एकाकडून ऐकलं होतं. म्हणजे दोस्ताच्या तोंडून निघालेलं वाक्य माझ्या कानात पडेपर्यंत तीन तोंडांतून गेलं होतं. ध चा मा करायला दर वेळी आनंदीबाई लागते असं नाही, एक हॉटेल आणि एक सलून पुरतं.

मी मानसशास्त्र शिकवतो. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या दोघांचं अफवांवरचं काम 1947 साली प्रसिद्ध झालं, ते दर वर्षी वर्गात सांगतो. एका माणसाला चित्र दाखवायचं, त्यानं दुसऱ्याला वर्णन सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पाच-सहा तोंडांत मूळचे सुमारे 70 टक्के तपशील गळून जायचे. उरलेले दोन-चार मात्र आणखी ठळक व्हायचे आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेल्या समजुतीत नीट बसतील असे वळायचे. हे फळ्यावर लिहिणारा मी, स्वतःवर वेळ आल्यावर चुलतभावाचं वाक्य दोस्ताचंच समजून बसलो होतो. भाऊ बहिणीला फसवतो ही गोष्ट आपल्याकडं इतकी तयार आहे, की कुठलंही अर्धं वाक्य तिच्यात चपखल बसतं.

आता या बातमीला दोन चाळण्या लावायच्या.

पहिली चाळणी: यातलं काय फक्त त्यालाच माहीत असू शकतं? धाकटी रडली हे खरं होतं. तेव्हा तिथं आम्ही घरचे आणि दोन साक्षीदार एवढेच होतो. दुसरा साक्षीदार लातूरचा, गावात येत नाही. म्हणजे रडण्याची गोष्ट दोस्ताकडूनच निघाली असणार.

दुसरी चाळणी: यातलं काय तो बोललाच नसेल? कोऱ्या कागदाची गोष्ट. नोंदणीच्या वेळी कागद तयार होऊन पुढं जातो, अधिकाऱ्यासमोर कबुली होते, फोटो आणि अंगठे घेतले जातात. साक्षीदार म्हणून त्याचाही फोटो निघाला होता. कोऱ्या कागदाची बात तो करेल तर स्वतःवरच शिंतोडे उडवून घेईल. ती वाटेत कुणीतरी चिकटवली असावी.

या चाळण्या काही पुरावा नव्हेत. पण भेटीला जाताना माझ्या डोक्यात "त्यानं मला चोर ठरवलं" हे नव्हतं. "रडण्याचं तो बोललाय, कसं बोललाय ते माहीत नाही" एवढंच होतं. हा फरक आवाजातसुद्धा ऐकू येतो.

2. एका पानावर तीन रकाने

पान आडवं धरा. पहिल्या रकान्यात जे शब्द कानावर आले ते, जसेच्या तसे. दुसऱ्यात आपण त्यांचा लावलेला अर्थ. तिसऱ्यात प्रत्यक्ष झालेला परिणाम.

माझ्या पहिल्या रकान्यात दोन वाक्यं होती. तिसऱ्यात एकच, दाजींचा फोन. दुसरा रकाना मात्र खालपर्यंत भरला: हा माझ्यावर जळतो, नोकरी लागल्यापासून याच्या पोटात दुखतंय, साक्षीला मुद्दाम आला. भेटीत फक्त पहिला आणि तिसरा रकाना न्यायचा. दुसरा आपला आहे, तो घरीच ठेवायचा.

पानाच्या तळाशी एक ओळ मोकळी सोडा: माझ्याकडून त्याचं काही राहिलं असेल का? मी तिथं "काही नाही" असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. ती रेघ पुढं मला चांगलीच नडली.

3. जाऊच नये अशी वेळ

हे सगळं मैत्रीत चालतं, सगळीकडं नाही. बोलणाऱ्यानं धमकी दिली असेल, पैसे मागितले असतील, किंवा एखाद्या मुलीच्या चारित्र्यावरून बोलणं चाललं असेल आणि तिला घराबाहेर पडणं अवघड झालं असेल, तर तिनं एकटीनं बांधावर जाऊन "तू काय बोललास" असं विचारण्याची गरज नाही. तिथं आधी विश्वासातलं माणूस आणि मग पोलीस ठाणं. बदनामीचा गुन्हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, आधी तो दंड संहितेच्या 499 आणि 500 मध्ये होता. पण एकदा त्या वाटेला गेलात की दोस्ताची बाजू ऐकण्याचा विषय संपतो, हे धरून चला. आणि "केस टाकीन" हे वाक्य गप्पांच्या सुरुवातीला दबावासाठी वापरू नका. टाकायची असेल तर टाका, नसेल तर बोलू नका.

4. भेट ठरवणं (आणि माझी पहिली चूक)

ज्या दिवशी कळलं त्याच रात्री अकरा वाजता मी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." दोन मिनिटांनी डिलीट केलं. तेव्हा वाटलं, वाचलो. पण मेसेज काढला तरी काढल्याची खूण समोरच्याला दिसते. मी रात्री अकराला काहीतरी लिहून पुसलंय, हे त्याला सकाळी दिसलं, आणि पुढचे दोन दिवस तो गावात मला टाळत राहिला. मी म्हटलं, बघा, मनात चोर आहे म्हणून टाळतोय. त्याला वाटलं, हा माझ्यावर उखडलाय आणि कारणही सांगत नाही. दोघंही घरी बसून दुसरा रकाना भरत होतो.

तेव्हा लिहू नका, फोन करा. आणि फोनवर विषय सांगून टाका. नुसतं "तुझ्याशी बोलायचंय" म्हणून ठेवून दिलं तर माणूस रात्रभर दहा गोष्टी आठवत बसतो. मी तिसऱ्या दिवशी फोन केला:

"उद्या संध्याकाळी रानाकडं येतोस का? हक्कसोडीवरून हॉटेलात काही बोलणं झालं असं कानावर आलंय. भांडायला बोलवत नाही. तुझ्याकडून ऐकायचंय."

आधी सांगितलं तर तो रात्रीत गोष्ट रचेल, असं माझी बायको म्हणाली. रचेलही. पण अचानक गाठलेला माणूस पहिल्या झटक्यात "मी नाही" म्हणतो, आणि एकदा नाही म्हटलं की इज्जतीपायी त्याला त्यावर अडून राहावं लागतं. रात्र मिळालेल्या माणसाला निदान आठवायला वेळ मिळतो. मला हा सौदा बरा वाटला.

जागेचं बघा. ज्या हॉटेलात बोलणं झालं तिथं मुळीच नको. तिथले चार कान पुढची बातमी तयार करतील. घरी नको, आमच्या आईला पलीकडच्या खोलीतून सगळं ऐकू येतं आणि ती मध्ये बोलते. पारावर नको. पिऊन तर नकोच. एका गाडीवर बसून रानात जाणं मला सगळ्यात बरं वाटतं. वाटेत तोंडं समोरासमोर नसतात, आणि बांधावर बसलं की दोघांनाही समोर बघायला शेत असतं. सलग डोळ्यांत बघून अशी गोष्ट बोलणं आपल्याकडच्या माणसाला जड जातं, विशेषतः पुरुषांना. पेरणी-काढणीचे दिवसही टाळा. सोयाबीन भिजत असताना कुणाला कुणाच्या इज्जतीचं पडलेलं नसतं.

5. पहिलं वाक्य

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा. विचारणं वेगळं आणि जाब विचारणं वेगळं, आणि ते पहिल्या वाक्यातच ठरतं.

मी पानाच्या मागं तीन वाक्यं लिहून खोडली.

"तू असं कामून बोललास?" यात तो बोलला हे आपण धरूनच चाललोय. शिवाय "कामून"ला उत्तर म्हणून फक्त सफाई देता येते. घडलेलं ऐकायचं असेल तर "काय झालं होतं" विचारावं लागतं.

"लोक काहीबाही बोलायलेत माझ्याबद्दल, तुला काही माहीत हाय का?" हे सभ्य दिसतं, पण सापळा आहे. आपल्याला माहीत असून त्याला खोटं बोलायची संधी द्यायची आणि मग पकडायचं. दोस्ताला असं पकडलं तर तो पुढं कधी खरं बोलणार नाही.

"मला फार दुःख झालं." खरं आहे, पण आत्ता नाही. आधी दुःख मांडलं की तो लगेच माफी मागतो आणि विषय मिटवतो, नेमकं काय झालं ते तसंच राहतं.

शेवटी जे ठरवलं ते असं:

"हॉटेलात माझ्या शेतावरून बोलणं झालं आणि त्यात तू होतास, असं कानावर आलं. कोरा कागद, धाकटी रडली, असं काहीसं. माझ्यापर्यंत हे तीन तोंडांतून आलंय, त्यामुळं मूळ काय होतं ते मला माहीत नाही. तिथं काय झालं, तू सांग."

मला जे कळलंय ते सगळं यात आहे, मला जे माहीत नाही तेही कबूल केलंय, आणि शेवटी बोलायची पाळी त्याची आहे. यानंतर तोंड बंद ठेवायचं. हे वाक्य म्हणण्यापेक्षा त्यानंतर गप्प बसणं अवघड आहे. मी मनात साठ आकडे मोजले.

हमखास उलटा प्रश्न येतो: "कुणी सांगितलं तुला?" नाव सांगितलं की पुढचा तासभर त्या तिसऱ्याचाच विषय चालतो, तो कसा लबाड आहे, त्याच्या बापानं काय केलं होतं. मी म्हटलं, "नाव घेत नाही. तुझंही नाव मी कुणापुढं घेतलेलं नाही." नाव झाकायचं असेल तर मजकूर मात्र काही झाकू नका. निनावी आरोप आणि वर अर्धाच, हा अन्याय होईल.

6. ऐकताना

तो बराच वेळ बांधावरचं गवत उपटत राहिला. मग म्हणाला, "बोललो मी. पण कोरा कागद-बिगद काय म्हणलो नाही."

"मग काय म्हणलास?"

"त्यानं विचारलं, पोरींनी सोडलं का शेत. म्हणलं, सोडलं. धाकटी रडली सही करताना, म्हणलं. एवढंच."

माझ्या जिभेवर आलं होतं, "एवढंच? एवढंच वाटतं तुला?" ते गिळलं. इथं एकच काम करायचं: त्यानं सांगितलेलं त्याच्याच शब्दांत परत म्हणायचं आणि बरोबर आहे का विचारायचं. "म्हणजे, त्यानं विचारलं म्हणून तू सांगितलंस. सोडलं, आणि धाकटी रडली. बरोबर?"

"व्हय."

"ती का रडली, ते कुणी विचारलं?"

"नाही. मलाच कुठं माहीत हाय का रडली."

हे ऐकून मी थांबलो. खरंच त्याला माहीत नव्हतं. कागद वाचून दाखवताना आबांच्या नावाआधी "मयत" असा शब्द आला आणि धाकटीचा बांध फुटला. तेव्हा दोस्त आधारकार्डाची झेरॉक्स काढायला बाहेर गेला होता. परत आला तेव्हा त्याला दिसलं ते एवढंच, की धाकटी रडतेय आणि रडत रडत सही करतेय. त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं खरं सांगितलं होतं, आणि तरी ऐकणाऱ्यानं त्यातून खोटं उचललं. असल्या बऱ्याच प्रकरणांत हीच गोष्ट असते, असं मला आता वाटतं. सरळ खोटं रचणारे थोडे. कारण माहीत नसताना दृश्य सांगणारे पुष्कळ.

इथंच उठलो असतो तर अर्धंच काम झालं असतं. एक साधा प्रश्न उरतो, आणि तो विचारायचा असतो: "आणखी काही बोलणं झालं का?" आवाज न चढवता.

या वेळी तो लवकर बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणलो, सर आता मोठा माणूस झालाय. त्याला कोण इचारणार."

"हे कशावरून म्हणलास?"

"येळवशीवरून."

बाहेरच्यांसाठी सांगतो. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि सगळे शेतात असतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. ज्यांचं शेत नाही त्यांनाही कुणीतरी नेतंच. हा दोस्त शाळेत असल्यापासून दर येळवशीला आमच्या रानात जेवलेला. त्या वर्षी आबा जाऊन महिनाच झाला होता. आम्ही नुसती पूजा उरकली, बहिणी आणि दाजी आले होते तेवढेच. मी कुणालाच बोलावलं नाही. पण रस्त्यावरून जाताना त्याला आमच्या बांधाला दोन गाड्या उभ्या दिसल्या. "पाहुणे चालले, मी चाललो नाही," तो म्हणाला.

वहीतली ती रेघ आठवली. ही माझी दुसरी चूक: माझ्याकडून काही राहिलं का, या ओळीवर मी एक मिनिटसुद्धा थांबलो नव्हतो. दुखवट्यामुळं बोलावलं नाही, हे मी त्याला सांगू शकत होतो. त्याला कळेलच असं धरून चाललो. त्याला बहिणीच्या रडण्याचं कारण माहीत नव्हतं, तसंच गाड्यांचंही माहीत नव्हतं.

7. उत्तर वेगळं आलं तर

माझा दोस्त बोलता झाला. प्रत्येकाचा होईल असं नाही.

"मी असं बोललोच नाही" असं साफ उत्तर आलं, तर तो खरं बोलतोय की खोटं हे चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नका. निरपराध माणूसही असा प्रश्न ऐकून घामाघूम होतो. पहिल्या पायरीतली चाळणी काय सांगते ते बघा. फक्त त्यालाच माहीत असलेली गोष्ट बाहेर आली असेल, तर एकदाच म्हणा, "ही गोष्ट तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती, म्हणून विचारलं." तरीही नाही म्हणाला तर उलटतपासणी करू नका. "बरं. इथून पुढं असं काही कानावर आलं तर आधी मला फोन कर" एवढं सांगून उठा. आणि असली गोष्ट त्याच्याजवळ पुन्हा बोलू नका. कबुली मिळाली नाही तरी हे आपल्या हातात असतं.

"गंमत केली रे" असं म्हणाला तर गंमत होती की नव्हती यावर वाद नको. तिसरा रकाना काढा: "गंमत असंल. पण दाजींचा फोन आला मला."

त्यानं उलट तक्रार काढली, जशी माझ्या दोस्तानं येळवशीची काढली, तर ती पूर्ण ऐका. पण तिच्यात वाहून जाऊन आपला विषय सोडू नका. मी जवळजवळ सोडलाच होता, अपराधीपणामुळं. मग म्हटलं, "येळवशीचं माझं चुकलं, मी सांगायला पाहिजे होतं. ते झालं. आता हॉटेलाचं बोलू." एकाची भरपाई दुसऱ्यात करायची नाही. मी बोलावलं नाही हे एक, आणि धाकटीचं रडणं हॉटेलात गेलं हे दुसरं.

8. मग आपली बाजू, थोडक्यात

त्याचं ऐकून झाल्यावर आपली बाजू. एक परिणाम, एक मागणी, बस. मी त्याला दाजींच्या फोनचं सांगितलं, आणि धाकटी का रडली ते सांगितलं. तो उठून थोडा लांब जाऊन उभा राहिला. आबांनी त्यालाही कडेवर घेतलेलं होतं.

मागणी नेमकी ठेवा. "माफी माग" ही मागणी बांधावरच संपते, पण बातमी गावात तशीच हिंडत राहते. ज्या तोंडातून ती निघाली त्याच तोंडानं, ज्या कानांत गेली त्याच कानांत, उरलेला भाग सांगायला हवा. मी दोन गोष्टी मागितल्या. दाजींना त्यानं स्वतः फोन करायचा. आणि हॉटेलात जे तिघं होते त्यांना, जमेल तसं, त्याच्याच शब्दांत सांगायचं.

इथं तीन सापळे आहेत. सगळ्यांसमोर माफी मागायला लावाल तर गावाला दुसरी बातमी मिळते, पहिलीपेक्षा चविष्ट. तो सांगत असताना आपण तिथं हजर राहिलात तर ते आपण वदवून घेतलंय असं दिसतं. आणि "रडलीच नाही म्हणून सांग" असं खोटं कधी मागू नका. ती रडली होती. त्यानं फक्त का रडली ते जोडायचं होतं.

दाजींना त्यानं तिथूनच फोन लावला. म्हणाला, "दाजी, मी साक्षीदार होतो. कागद वाचून दाखवला, फोटो-अंगठे झाले, तेव्हा मी तिथंच होतो. ताई आबांचं नाव ऐकून रडली. मला तेव्हा माहीत नव्हतं, मी भलतंच बोलून बसलो." फोटो-अंगठ्याच्या वेळी तो खरंच हजर होता, वाचून दाखवताना नव्हता. फोन ठेवल्यावर मी तेवढं दुरुस्त करायला लावलं. त्यानं कपाळाला हात लावला आणि पुन्हा फोन केला. हसू आलं दोघांनाही, पण अशा वेळी एक चुकीचा तपशील पुढं पुन्हा आपल्याच अंगावर येतो.

9. भेटीनंतर

ज्यानं बातमी आणली त्याला एका वाक्यात मोकळं करा: "बोलणं झालं आमचं." पुढचं सांगू नका. माझा चुलतभाऊ दोन दिवस खोदत राहिला, मग कंटाळला.

घरी बायकोनं विचारलं तेव्हा येळवशीचं सांगितलं, बाकीचं नाही.

पंधरा दिवस थांबून बघा. पुन्हा तीच बातमी नव्या तपशिलासह आली तर पहिल्या पायरीपासून, पण या वेळी मूळ तोंड दुसरं असू शकतं हे लक्षात ठेवून. आमच्याकडं हरकत आली नाही आणि फेरफार मंजूर झाला. कोऱ्या कागदाची गोष्ट कुणी जोडली ते कळलं नाही. मी शोधायला गेलोही नाही. सलूनमध्ये मात्र अजून जातो, गावात दुसरं सलून नाही.

यंदाच्या येळवशीला मी आठ दिवस आधीच त्याला फोन केला. आला, बायको-पोरांसह. आंबील दोन तांबे प्याला. मधल्या काळात कुणी त्याला आमच्या घरातलं काही विचारलं की तो म्हणतो, "ते सरांनाच विचारा." हे तो जपून म्हणतो की टोमणा मारतो, ते मला अजून ओळखता आलेलं नाही. पुढच्या वेळी गाडीवर मागं बसला की विचारीन म्हणतो.